दोघांचं भांडण आणि साहेबाची केबिन

मूळ पोस्ट (रामदासपेठ): टीममधली दोघं भांडली तर केबिनमध्ये बोलवा, हात मिळवायला लावा, ऐकत नसतील तर एकाची बदली करा. कोण काय म्हणालं हे ऐकत बसणं मॅनेजरचं काम नाही.

वाडीचं गोदाम: हे वाचून राहवलं नाही. मी हेच केलं होतं. आमचा स्टोअरवाला डिस्पॅचवाल्याला हमालांसमोर ‘चोर’ म्हणाला. डिस्पॅचवाला आधी माझ्याकडे आला, मी त्याचं चाळीस मिनिटं ऐकलं. स्टोअरवाल्याला दहा मिनिटं दिली आणि लगेच दोघांना समोर बसवून हात मिळवायला लावला. स्टोअरवाला पूर्ण वेळ फरशीकडे बघत ‘ठीक आहे साहेब’ एवढंच म्हणाला. मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवसापासून दोघं एकमेकांना चिठ्ठ्या पाठवून काम करू लागले.

मग नव्याने सुरुवात केली. एकाच दिवशी, दोघांना वेगवेगळं, प्रत्येकी अर्धा तास, प्रश्न तेच: तुम्ही स्वतः काय पाहिलं, कुठे अडतं, उद्यापासून काय बदललं तर काम सोपं होईल? ऐकलेलं वहीत लिहून त्यांना वाचून दाखवलं. ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं येईपर्यंत दुरुस्त केलं. यातलं दुसऱ्याला काय सांगू आणि काय नको, हेही विचारलं.

तेव्हा खरी गोष्ट कळली. स्टोअरवाला सहाला स्टॉक बंद करायचा. शेवटची गाडी पावणेसातला भरायची आणि तिचं चलन दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटरवर चढायचं. म्हणजे रोज संध्याकाळी माल प्रत्यक्षात कमी आणि कागदावर जास्त. चोरी कोणाचीच नव्हती.

एकत्र बसल्यावर आधी प्रत्येकाने समोरच्याची अडचण सांगायची, ती समोरच्याने मान्य केली की मगच स्वतःची. ठरलं ते त्यांच्याच तोंडून: शेवटचं चलन त्याच संध्याकाळी चढवायचं, स्टॉक सातला बंद, फरक आला तर माझ्याकडे येण्याआधी एकमेकांना फोन. दोन शुक्रवारांनी परत बसलो. रोजचा फरक दोनदाच आला होता. डबे अजून वेगळेच खातात, पण तो माझा विषय नाही.

बुटीबोरी शिफ्ट: थांबा भाऊ. सहाचं सात झालं, तो एक तास कोणाचा? आमच्याइथं असंच ‘सर्वांनी मिळून ठरवलं’ अन् बस सव्वासहाला निघून जाते. मी तीन महिने ऑटोचे पैसे खिशातून भरले. साहेब समोर बसला असताना माणूस ‘नाही’ म्हणते काय?

रामदासपेठ: बघा, ऐकत बसलं की मागण्या सुरू होतात.

बुटीबोरी शिफ्ट: मागणी नाही, घरी जायचं आहे! तुम्हाला कार आहे म्हणून बस समजत नाही. उन्हाळ्यात दुपारच्या पाळीला मी किती वेळ फाट्यावर उभा राहतो, ते येऊन पाहा एकदा.

वाडीचं गोदाम: चिडू नका. स्टोअरवाला आता नऊऐवजी दहाला येतो, हे लिहायचं राहिलं. पण खरं सांगतो, ते पहिल्या दिवशी ठरलं नव्हतं. आठ दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला, तेव्हा सुचलं. ‘घरी जायला कसं जमेल’ हे मीच विचारायला हवं होतं. तुमचं म्हणणं मान्य.

एचआर, मिहान: पद्धत चांगली आहे, पण सगळीकडे लावू नका. एका ठिकाणी मॅनेजरने मुलीला आणि तिला त्रास देणाऱ्याला असंच ‘समोरासमोर’ बसवलं. लैंगिक छळाची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. 2013 च्या कायद्यात समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. मारहाण, धमकी असेल तरी टेबलावर बसवायचं नाही. आणि ‘चोर’ हा शब्द हमालांसमोर गेला होता ना? माफी केबिनमध्ये झाली की तिथेच?

वाडीचं गोदाम: केबिनमध्ये. डिस्पॅचवाल्याला तिथे लोकांसमोर हवी होती, स्टोअरवाला तयार झाला नाही. मी जबरदस्ती केली नाही.

एचआर, मिहान: मग अर्धंच झालं. हमाल अजून काय समजतात त्याला?

सीताबर्डी दुकान: माझं आणि लहान भावाचं गल्ल्यावरून भांडण आहे. असा अर्धा-अर्धा तास कोण ऐकेल आमचं?

वाडीचं गोदाम: दादा, तुमच्यात पगार देणारा कोणी नाही, दोघंही मालक. दोघांनाही चालेल असा माणूस तुम्हीच निवडा, मी नाही सांगू शकत.

रामदासपेठ: चलनाची वेळ बदलली म्हणून भांडण थांबलं, ऐकण्याने नाही. वेळ तपासायला अर्धा तास पुरला असता.

वाडीचं गोदाम: कॉम्प्युटर रोज माझ्यासमोर होता साहेब. तरी आठ महिने मला दिसलं नव्हतं. स्टोअरवाल्याने ‘सहानंतर मला कोणी विचारत नाही’ म्हटलं, तेव्हा दिसलं.

रामदासपेठ: बरं, एवढं मानतो. पण बदलीचा मार्ग मी बंद करणार नाही.

बुटीबोरी शिफ्ट: बसचं कोणीच बोललं नाही शेवटी.