अनुभव धागा : रक्कम पूर्ण झाल्यावर मदतीच्या आवाहनाचं तुम्ही काय केलं?

तापीकाठ (रावेर)

आपल्याकडे कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की दोन तासांत फोटो, क्यूआर कोड आणि "फूल ना फुलाची पाकळी" एवढा मजकूर गावोगाव फिरायला लागतो. पैसेही जमतात. जमल्यावर त्या पोस्टचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो, मग तुमचे अनुभव लिहा.

केळी कटाईच्या टोळीतला आमच्याकडचा एक मजूर गाडी भरताना वरून पडला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रात्री ज्या दवाखान्यात नेलं तो जनआरोग्य योजनेत नव्हता आणि पेशंटला हलवण्यासारखी स्थिती नव्हती. खर्चाचा अंदाज २ लाख ८० हजार सांगितला. त्याच्या बायकोच्या खात्याचा क्यूआर लावून मी फेसबुकवर पोस्ट टाकली, तेच चित्र व्हॉट्सॲपवर सोडलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती वहिनी दवाखान्याच्या जिन्यात भेटली, बँकेचा मेसेज दाखवला. आकडा पूर्ण झाला होता. मी तिथेच उभ्या उभ्या पोस्ट काढून टाकली. मनात वाईट काही नव्हतं. काम झालं, आता लोकांकडे कशाला मागत राहायचं, इतकंच.

पुढचे नऊ दिवस पैसे येतच राहिले, आणखी ३७ हजार. चित्र बऱ्हाणपूरपासून सुरतेपर्यंत फिरत होतं, त्याला माझ्या पोस्टचा पत्ताच नव्हता. दुसरीकडे ज्यांनी पहिल्या दिवशी दिले त्यांनी पोस्ट शोधली, ती सापडली नाही. एकाने फोन करून विचारलं, "दादा, पेशंट गेला का?" दुसऱ्याने ते विचारायचेही कष्ट घेतले नाहीत, चार ग्रुपांवर "सावधान, फसवणूक" लिहून मोकळा झाला.

खरा घाव पाच महिन्यांनी बसला. तोच फोटो, तोच मजकूर, पण क्यूआर भलत्याच माणसाचा. आम्ही सांगायला लागलो की ही मदत कधीच पूर्ण झाली आहे, तर लोक म्हणाले, दाखवा. दाखवायला काय होतं? मूळ पोस्ट मीच पुसली होती. खाली तीनशेच्या वर लोकांनी "पाठवले" म्हणून लिहिलं होतं, तेही तिच्याबरोबर गेलं. शेवटी १९३० वर तक्रार नोंदवली आणि नव्याने पोस्ट टाकली, पण पहिली पोस्ट ज्यांनी पाहिली होती त्यातल्या किती जणांपर्यंत ती पोचली असेल, देव जाणे.

उधना लूम (मूळ गाव शिंदखेडा तालुका)

मी देणाऱ्यांपैकी. तुमच्या नाही, दुसऱ्या एका पोरीच्या ऑपरेशनला. इथे सुरतेत आम्ही एका खोलीत अकरा जण राहतो, सगळे आपल्याच भागातले. मी पोस्ट वाचून दाखवली आणि प्रत्येकाकडून तीनशे घेतले. ३३०० माझ्या फोनवरून गेले. आठ दिवसांनी एकाने विचारलं, पोरगी कशी आहे? मी पोस्ट उघडायला गेलो तर "हे आता उपलब्ध नाही" असं आलं.

"पोस्ट कोठे गई रे भो?" एवढंच तो बोलला. बाकी कुणी काही बोललं नाही, पण त्या शांततेत मला जेवण गेलं नाही. पैसे देताना त्यांनी पोरीच्या बापाला ओळखलं नव्हतं, मला ओळखलं होतं. पुढे कानबाईला गावी गेलो तेव्हा कळलं की पोरगी बरी होऊन शाळेतही जाते. मी तिचा फोटो नाही काढला, नुसतं खोलीत येऊन सांगितलं. तेवढं एक वाक्य त्या पोस्टवर आधीच कुणी लिहिलं असतं तर माझे तीन महिने बरे गेले असते.

पारोळा रोड

एवढं अवघड काय आहे त्यात? व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी डिलीट करायचं, सगळ्यांच्या फोनमधून जातं. मी स्वतः केलेलं आहे.

गोलाणीजवळ (जळगाव)

पारोळा रोड भाऊ, ते अर्धंच खरं आहे. तुम्ही ज्या ग्रुपात टाकलं तिथूनच ते जातं, तेही साधारण अडीच दिवसांच्या आत काढलं तर. तुमच्या ग्रुपातून कुणी पुढे पाठवलं असेल तर ती त्याची प्रत झाली, तिला तुमच्या डिलीटचा धक्का लागत नाही. आणि मदतीची रक्कम अडीच दिवसांत क्वचित पूर्ण होते.

मी गेली काही वर्षं अशी आवाहनं लिहून देतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फेसबुकवर पोस्ट काढण्याऐवजी तीच पोस्ट एडिट करावी. ज्यांनी ती शेअर केली त्यांच्या भिंतीवरही मग तुमचा नवा मजकूर दिसतो, कारण शेअर म्हणजे मूळ पोस्टकडे दाखवलेलं बोट. मूळ काढली की बोट हवेत राहतं, उधनावाल्या भाऊंना दिसलं ते तेच. म्हणून पहिल्या ओळीत "मदत पूर्ण झाली, कृपया आता पैसे पाठवू नका" हे तारखेसह लिहायचं आणि जुना मजकूर त्याखाली ठेवायचा.

व्हॉट्सॲपला हा उपाय चालत नाही, कारण तिथे एडिट करायला पंधराच मिनिटं मिळतात. तिथे चित्राला चित्रानेच गाठावं लागतं. त्याच जुन्या चित्रावर आडवं, मोठ्या अक्षरात "पूर्ण" असं लिहून, क्यूआर झाकून, ज्या ज्या ग्रुपात पहिलं टाकलं तिथे ते टाकायचं. कोरा मजकूर कुणी पुढे पाठवत नाही. ओळखीचा फोटो दिसला की पाठवतात.

पैसे थांबवणं हे मात्र पोस्टने होतच नाही. त्यासाठी मी सुरुवातीलाच त्याच खात्याला ॲपमधून वेगळा यूपीआय आयडी काढायला सांगतो आणि क्यूआर त्याचाच देतो. रक्कम झाली की तो आयडी बंद करायचा, मग जुन्या चित्रावरचा कोड स्कॅन केला तरी पैसे जात नाहीत. पण चित्रावर खाते क्रमांक आणि आयएफएससी छापला असेल, किंवा यूपीआयला जोडलेला मोबाइल नंबर, तर ती दारं उघडीच राहतात. तापीकाठ, तुमच्या चित्रावर काय काय होतं?

तापीकाठ (रावेर)

सगळंच होतं. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटोसुद्धा.

रक्तगट दुर्मीळ (चाळीसगाव)

माझं थोडं वेगळं आहे, विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. पैसे नाही, रक्त मागितलं होतं, आईसाठी, ओ निगेटिव्ह. चार वर्षं झाली. आजही रात्री कुणाचा तरी फोन येतो, "मी नंदुरबारहून निघतो, कुठे यायचं?" आई त्याच आठवड्यात गेली. प्रत्येक वेळी ते नव्याने सांगावं लागतं, आणि समोरचा इतका चांगला माणूस असतो की रागवताही येत नाही. मी तारीख लिहिली नव्हती. पोस्ट मात्र लगेच काढली होती.

नर्मदाई (शहादा)

मला दुसऱ्या बाजूने लिहायचं आहे. आवाहन माझ्या मुलासाठी होतं, भाजला होता. पोस्ट ज्या सरांनी टाकली त्यांनी ती काढली नाही, वर प्रामाणिकपणे "पूर्ण झाली" लिहिलं, बिलही लावलं. सगळे त्यांना चांगलं म्हणाले. पण पट्ट्या बांधलेल्या माझ्या लेकराचा फोटो तिथेच राहिला. दोन वर्षांनी वर्गातल्या मुलांनी तो शोधून त्याला दाखवला. तो त्या दिवसापासून बाहीचा शर्ट सोडत नाही, वैशाखातसुद्धा. देणाऱ्यांना हिशोब मिळायलाच हवा, मी त्यांची जन्माची ऋणी आहे. पण हिशोबासाठी फोटो कायम ठेवावा लागतो का?

गोलाणीजवळ (जळगाव)

ताई, नाही ठेवावा लागत. हे मी वर लिहायला हवं होतं. एडिट करतानाच फोटो, रिपोर्ट, आधार, पासबुक काढून टाकायचं आणि मजकूर ठेवायचा. त्यातही एक मेख आहे. फेसबुकवर पोस्टचा एडिट इतिहास उघडून पाहता येतो, म्हणजे खाते क्रमांक मजकुरात टाइप केला असेल तर तो तिथे वाचता येतो. अशा वेळी पोस्ट काढावीच लागते. मग आधी समारोपाची वेगळी पोस्ट टाकायची, जुन्या पोस्टवर ज्यांनी लिहिलं त्यांना तिची लिंक द्यायची, महिनाभर दोन्ही राहू द्यायच्या आणि मग जुनी काढायची, ती का काढतोय हे नव्या पोस्टमध्ये लिहून. पोस्ट काढू नये असं माझं म्हणणं नाही. न सांगता काढू नये.

पारोळा रोड

समारोपात लिहायचं काय नेमकं? देणाऱ्यांच्या नावांची यादी टाकायची का?

तापीकाठ (रावेर)

आम्ही दुसऱ्यांदा टाकली ती जशीच्या तशी देतो, नाव तेवढं काढलं आहे:

"कटाई मजुराच्या ऑपरेशनसाठीची मदत पूर्ण झाली असून आता पैसे स्वीकारले जात नाहीत. एकूण जमा ३ लाख २० हजार. दवाखाना आणि औषधं मिळून खर्च २ लाख ६१ हजार. शिल्लक ५९ हजार. रॉड काढायला पुन्हा दाखल व्हावं लागणार आहे, शिल्लक त्यासाठी राखून ठेवली आहे. ज्यांना आपली रक्कम परत हवी आहे त्यांनी व्यवहाराचा क्रमांक कळवावा. पेशंट वॉकर घेऊन चालतो आहे."

नावांची यादी टाकली नाही. एका शिक्षकांनी दहा हजार दिले होते, घरात कळू नये म्हणून त्यांनी हात जोडले होते. परत मागणारे दोघेच निघाले, त्यांना त्याच दिवशी पाठवले.

उधना लूम (मूळ गाव शिंदखेडा तालुका)

"वॉकर घेऊन चालतो आहे" हे शेवटी का टाकलं? वर टाका ना. आमच्या खोलीत आधी तेच विचारतात.

हिशोबनीस (अमळनेर)

शिल्लक त्याच पेशंटच्या पुढच्या उपचाराला ठेवणं मला पटतं. पण आमच्याकडे वेगळंच झालं. २ लाख जमले, आणि मुख्यमंत्री सहायता निधीची रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात आली. बिल जवळजवळ फिटलं. सव्वा लाख हातात राहिले. घरच्यांनी त्यातून कर्ज फेडलं, जे आजारपणातच काढलेलं होतं. मी तसं पोस्टवर लिहिलं. निम्मे लोक म्हणाले बरोबर केलं, निम्मे म्हणाले आम्ही ऑपरेशनला दिले होते, सावकाराला नाही. दुसऱ्या पेशंटला द्यावे तर आधी विचारायला हवं होतं, आणि विचारणार कसं? बँकेच्या उताऱ्यावर निम्म्या जणांचा नुसता क्रमांक, नाव नाही. कुणी यातून मार्ग काढला असेल तर लिहा.

नर्मदाई (शहादा)

हिशोबनीस दादा, मार्ग मला माहीत नाही. कर्जाचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्यावरचं अजून आहे, आणि ते सांगायची सोय त्या पोस्टवर नव्हती. सरांना आज सकाळी फोन केला होता. त्यांनी फोटो काढला. "पूर्ण झाली" ही ओळ ठेवली आहे, मीच ठेवायला सांगितली.