कॅमेऱ्याच्या बिलातले 720 रुपये

खजिनदार काका: लक्ष्मीपुरीतल्या दुकानातनं सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं बिल आलंय. माल 40,000, जीएसटी 18 टक्के म्हणजे 7,200, एकूण 47,200. त्यातनं 10 टक्के सूट 4,000 वजा. द्यायचे 43,200. संध्याकाळी चेक देतो.

बी 204: थांबा काका. सूट आधी वजा करून मग टॅक्स लावायला पाहिजे. सूट मिळालेल्या पैशांवरबी टॅक्स भरायचा व्हय?

गणिताच्या बाई, ए 101: टक्क्यांत सूट असेल तर काही फरक पडत नाही. 40,000 ला आधी 0.90 नं गुणा, मग 1.18 नं, किंवा उलट करा. उत्तर 42,480 च.

बी 204: मग बिलात 43,200 कसे आले, बाई?

ए 101: अरे हो की! बिल नीट बघितलंच नाही मी. 4,000 हे 40,000 चे 10 टक्के आहेत. पण वजा केलेत 47,200 मधून. त्याचे 10 टक्के 4,720 होतात. सूट मोजली टॅक्सच्या आधीच्या रकमेवर आणि कापली टॅक्सनंतर.

खजिनदार काका: म्हंजे 720 जादा. लई बारीक काम केलंय की गड्यानं.

ए 101: मुद्दाम केलं असेल असं नाही. सूट तळाच्या ओळीत टाकली की ती ठोक रक्कम होते, आणि ठोक रकमेला क्रम लागतो. 4,000 आधी वजा केले तर त्यांच्यावरचा 18 टक्के टॅक्सही वाचतो. तेच हे 720.

सी 302 (सीए): बाईंचं बरोबर. कायदाही तेच सांगतो. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वगळायची, सीजीएसटी कायदा 2017, कलम 15. म्हणजे जीएसटी 36,000 वर, 6,480. बिलात सूट टॅक्सच्या ओळीच्या वर दिसली पाहिजे. नुसतं 42,480 करून आणि टॅक्स 7,200 च ठेवून चालणार नाही. तसं केलं तर आपला आकडा जुळेल, पण दुकानदाराच्या पदरात 36,000 ऐवजी 35,280 च पडतील.

बी 204: मग गेल्या महिन्यात फ्रिजला क्रेडिट कार्डाची सूट मिळाली, तिथं टॅक्स पूर्ण रकमेवर लावलावता. तिथंबी फसलो का?

सी 302: नाही. ती सूट बँकेनं दिली असेल तर दुकानदाराला पैसे पूर्ण मिळतात, मग टॅक्सही पूर्ण रकमेवरच.

खजिनदार काका: फोन केला. बिल बदलून देतो म्हणाला, वर "तुमच्यात मास्तर कोण हाय?" म्हणून विचारलं.

बी 204: 720 वाचले. मिसळ ठरली मग?

खजिनदार काका: ते मेंटेनन्समध्ये जमा. मिसळ आपापल्या खिशातनं.