मदत हवी आहे: बाबांना दिवाणी दाव्याचं समन्स आलंय, पहिल्या तारखेला काय होतं?

सावली_७: 3 जूनला बाबांना तालुक्याच्या कोर्टाचं समन्स मिळालं. आमच्या कुंपणाने चार फूट जागा दाबली, म्हणून शेजाऱ्यांनी दावा लावलाय. तारीख 24 जून. बाबा म्हणतात, खरेदीखत घेऊन जातो आणि जजसाहेबांना समोरच सांगतो. त्या दिवशी ऐकून घेतात का? पुढे निकालापर्यंत काय काय होतं?

रानवारा: 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही तर खेळ खल्लास. थेट एकतर्फी निकाल.

जुना_बार: अर्धं बरोबर. समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, म्हणजे 3 जुलैपर्यंत. कारण पटलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत, म्हणजे 1 सप्टेंबरपर्यंत मुदत देतं. त्यानंतरही साध्या दाव्यात खर्च बसवून कैफियत घेतल्याची उदाहरणं आहेत, पण त्यावर विसंबू नका.

सावलीताई, 24 तारखेला बाबांची बाजू कोणी ऐकणार नाही. वकीलपत्र दाखल होईल, मुदत मागितली जाईल, पुढची तारीख पडेल. मात्र समन्ससोबत निशाणी 5 चा अर्ज आहे का बघा. तो तात्पुरत्या मनाईचा असतो, त्यावर म्हणणं लवकर द्यावं लागतं.

खरा जीव कैफियतीत. समजा दाव्याच्या कलम 4 मध्ये 'प्रतिवादीने 2019 साली कुंपण सरकवले' असं आहे आणि बाबांच्या मते ते 1994 पासून तिथेच आहे. मग कलम 4 चं नाव घेऊन तसंच लिहायचं. 'दावा खोटा आहे' एवढंच मोघम लिहिलं तर ते कलम मान्य आहे असं धरलं जाऊ शकतं.

दोघांचं जिथे जुळत नाही, त्यावर कोर्ट मुद्दे काढतं. इथे पहिला मुद्दा साधारण असा पडेल: प्रतिवादीने अतिक्रमण केल्याचे वादी शाबीत करतो काय? आधी शेजाऱ्याचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे त्याची लेखी साक्ष, त्यावर त्याचा उलटतपास, मग तसंच बाबांचं. बाबांना बोलायचंय ते तिथे, पिंजऱ्यात. शेवटी युक्तिवाद आणि निकाल. विरुद्ध गेला तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील.

गणूकाका: आमचं बांधाचं तहसीलदारांपुढे मिटलं. कोर्टात पडूच नका.

जुना_बार: काका, दावा शेजाऱ्याने लावलाय. पडायचं की नाही हे यांच्या हातात कुठंय?

सावली_७: निशाणी 5 आहे! उद्याच वकील गाठते. पण चार फुटांचा वाद मोजणीशिवाय सुटणार कसा?

मोजणीवाला: कोर्ट कमिशनर मागा, भूमी अभिलेखचा मोजणीदार येऊन नकाशा करून देईल. मी म्हणेन आत्ताच अर्ज टाका.

जुना_बार: माझं मत वेगळं. अतिक्रमण शाबीत करायचं ओझं शेजाऱ्यावर आहे, मोजणी त्याला मागू द्या. तुम्ही मागितली आणि नकाशा उलटा आला तर?

मोजणीवाला: आणि त्याने मागितलीच नाही तर वर्षानुवर्षं तारखा.

सावली_७: बाबांना विचारते, खासगी मोजणी कधी करून घेतली होती का.