मदत हवी आहे: अरोरातला लाल रंग हिरव्याच्या वर असतो की खाली?

रानजाई
नमस्कार. शनिवारी मुलांसमोर ध्रुवीय प्रकाशावर एक फलक मांडायचा आहे आणि मी एकाच ठिकाणी अडकले आहे. जिथे पाहावे तिथे हिरवा खाली, लाल वर आणि दोन्ही ऑक्सिजनचे, एवढेच लिहिलेले सापडते. माझ्या पहिल्या फोटोत मात्र हिरव्या पडद्याच्या तळाशीच लालसर गुलाबी किनार आहे, आणि दुसऱ्या फोटोत नुसता लाल पट्टा आहे, हिरव्याचा मागमूसही नाही. मग कोणत्या रंगापुढे कोणता वायू आणि किती उंची लिहायची? फलक उद्या छपाईला द्यायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा.

पाटीलबुवा
यात अडण्यासारखे काही नाही. हिरवा म्हणजे ऑक्सिजन आणि लाल म्हणजे नायट्रोजन, इतके लिहून टाका. मुलांना त्यापुढे सांगण्याची गरज नाही.

भटकंती
नॉर्वेला जायचे असेल तर सप्टेंबरअखेर किंवा मार्च हा काळ उत्तम. रात्री पुरेशा काळोख्या असतात आणि थंडीही डिसेंबर-जानेवारीइतकी झोंबत नाही. सोबत जादा बॅटऱ्या ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात.

शुक्रतारा
फोटो कुठून काढले, कोणत्या दिशेला तोंड करून काढले आणि शटर किती सेकंद उघडे होते? किनार डोळ्यांनाही गुलाबी दिसली होती का, आणि ती हलत होती का? एवढे कळल्याशिवाय कोणता लाल ते सांगता येणार नाही, कारण अरोरात लाल रंग एकाच प्रकारचा नसतो.

रानजाई
हे सांगायला हवे होते याची कल्पना नव्हती. दोन्ही फोटो ट्रॉम्सोहून काढले आहेत. पहिल्यासाठी शटर 2 सेकंद उघडे होते आणि पडदा जवळजवळ डोक्यावर होता. किनार डोळ्यांना स्वच्छ गुलाबी दिसली; ती पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्षणात धावत गेली. दुसऱ्यासाठी शटर 15 सेकंद उघडे ठेवले होते, तोंड दक्षिणेला होते आणि पट्टा डोंगराच्या वर स्थिर होता. डोळ्यांना तो जेमतेम राखाडी भासला, लाली कॅमेऱ्यातच उमटली.

शुक्रतारा
आता पहिल्या फोटोचा उलगडा होतो. वर असणारा लाल प्रकाश ऑक्सिजनच्या अणूंचा असतो आणि त्याची तरंगलांबी 630 नॅनोमीटर असते. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने उत्तेजित झालेला अणू तो प्रकाश लगेच सोडत नाही. त्या अवस्थेत तो सरासरी 110 सेकंदांच्या आसपास राहतो. तेवढ्या अवधीत दुसऱ्या रेणूशी टक्कर झाली, तर ऊर्जा त्या टकरीतच जाते आणि प्रकाश बाहेर पडत नाही. म्हणून हा लाल रंग साधारण 200 किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच फुलतो. जो अणू विझायलाच दीड-दोन मिनिटे घेतो, त्याचा प्रकाश क्षणात धावणारी रेखीव किनार काढूच शकत नाही. तुमची किनार धावली, म्हणून ती ऑक्सिजनची नव्हे. ती नायट्रोजनच्या रेणूंची आहे. हे रेणू आपला लाल प्रकाश सेकंदाच्या अत्यल्प अंशात सोडून मोकळे होतात, त्यामुळे 100 किलोमीटरच्या आसपासच्या दाट हवेतही तो टिकतो. इलेक्ट्रॉन इतक्या खोलवर घुसण्यासाठी जोरदार असावे लागतात, म्हणून ही किनार पडदा भडकून नाचू लागतो तेव्हाच काही क्षण दिसते.

पाटीलबुवा
म्हणजे लाल नायट्रोजनचा, हे माझे म्हणणे बरोबरच होते. शिवाय तुमच्या स्पष्टीकरणात एक अडचण आहे. हिरवा प्रकाशही ऑक्सिजनचाच आणि तोही रेंगाळूनच निघतो, असे मी वाचले आहे. 100 किलोमीटरवर टकरी प्रकाश मारत असतील, तर त्या हिरव्याला का सोडतात?

शुक्रतारा
तुमचा नियम तळाच्या किनारीपुरता खरा आहे, वरच्या लाल रंगाला तो लागू होत नाही. अडचण मात्र तुम्ही अगदी नेमकी काढलीत. हिरव्या प्रकाशाची, म्हणजे 557.7 नॅनोमीटरची, अवस्था सुमारे पाऊण सेकंद टिकते आणि 100 किलोमीटरवर एका सेकंदात हजारो टकरी होतात. केवळ टकरी मोजल्या, तर हिरवा रंगही तिथे दिसायला नको. पण टक्कर कोणाशी होते यावर सगळे अवलंबून आहे. हवेत सर्वांत जास्त असलेले नायट्रोजनचे रेणू लाल प्रकाशाच्या अवस्थेची ऊर्जा सहज काढून घेतात, हिरव्याच्या अवस्थेवर मात्र त्यांचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. हिरव्याला विझवणारा मुख्यतः ऑक्सिजनच असतो, आणि तोही 95 किलोमीटरच्या खाली जोर धरतो. त्याच पातळीवर ऑक्सिजनचे सुटे अणूही झपाट्याने कमी होतात. म्हणून हिरवा रंग बहुतांशी 100 ते 150 किलोमीटरच्या दरम्यान राहतो आणि त्याच्या तळाशी नायट्रोजनची गुलाबी कड उरते.

पाटीलबुवा
हे मला ठाऊक नव्हते. एकच वायू एका रंगाला मारतो आणि दुसऱ्याला वाचवतो, ही गोष्ट फलकावर यायलाच हवी.

हिमवाट
माझाही असाच अनुभव आहे. 2024च्या मे महिन्यातील मोठ्या सौरवादळात मी लडाखमध्ये हानलेला होतो. फोटोत उत्तरेच्या क्षितिजावर नुसता लाल रंग आला. त्या रात्री हिरवा रंग निर्माणच झाला नव्हता, असा माझा समज आहे.

शुक्रतारा
तो निर्माण झाला असणार, पण तुमच्या क्षितिजाखाली. पृथ्वीची गोलाई धरून हिशोब केला, तर 110 किलोमीटर उंचीवरचा हिरवा प्रकाश सुमारे 1,200 किलोमीटरपलीकडे गेला की क्षितिजाआड जातो, आणि 300 किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश मात्र सुमारे 1,900 किलोमीटरवरूनही दिसतो. हानलेहून तुम्ही पडद्याचा फक्त माथा पाहिलात.

रानजाई
मग माझ्या दुसऱ्या फोटोचेही हेच उत्तर का? तिथेही डोंगर आडवा होताच.

शुक्रतारा
तो स्थिर होता आणि डोळ्यांना लाल दिसला नाही, या दोन्ही गोष्टी ऑक्सिजनच्या लाल रंगाकडे बोट दाखवतात. डोळ्यांना अंधारात या तांबड्याचे भान फार कमी असते. हिरवा भाग डोंगराआड होता, की त्या रात्री मंद ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरच अडकल्याने तो तयारच झाला नव्हता, हे एका फोटोवरून ठरवता येणार नाही. पट्टा क्षितिजापासून किती अंशांवर होता, हे ताऱ्यांवरून मोजता येईल का? आणखी एक काळजी घ्या. पडदा डोक्यावर असताना फोटोतली खालची बाजू म्हणजे आकाशातली खालची बाजू असेलच असे नाही. किरणरेषा जिथे एकत्र येताना दिसतात, ती दिशा वरची. ट्रॉम्सोला तो बिंदू डोक्यावरून थोडा दक्षिणेला असतो. त्या बिंदूपासून दूर असलेली कड खालची.

रानजाई
आत्ता पहिला फोटो पुन्हा उघडला. रेषा दक्षिणेकडे एकवटतात आणि गुलाबी कड त्यांच्या विरुद्ध टोकाला आहे, म्हणजे ती तळाचीच. फलकावर आता तीन पट्टे येतील: तळाशी नायट्रोजनची गुलाबी कड, त्यावर ऑक्सिजनचा हिरवा आणि 200 किलोमीटरच्या वर ऑक्सिजनचाच लाल. दुसऱ्या फोटोत मृग नक्षत्राचे तारे आहेत; त्यांवरून पट्ट्याची उंची मोजून रात्री इथे लिहिते.