टांगते शिल्प हलते म्हणून वेगळे ठरते का?

छिन्नी: शिल्प म्हणजे घडवलेले वस्तुमान, अशी माझी समजूत आहे. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरच्या ‘मोबाइल’मधले, म्हणजे तारेच्या दांड्यांना तोलून टांगलेल्या शिल्पातले, पत्रे झुळकीने हलतात, एवढ्यावरून शिल्पाची कल्पना बदलावी लागते काय? की हालचाल हा वरून चढवलेला अलंकार आहे?

उभी लाट: अलंकारच म्हणेन. शिल्पकार नाऊम गाबोने 1920 च्या सुमारास धातूच्या एका उभ्या काडीला मोटरने कंप दिला आणि त्या कंपातून हवेत आकार उमटवला. मोटर थांबली की नुसती काडी उरते. कॅल्डरचे पत्रे थांबले तरी दिसायचे ते दिसतातच. खरी हालचाल हवी असेल, तर मोटरला पर्याय नाही.

तोलकाटा: गाबोबद्दल बरोबर, निष्कर्ष मात्र घाईचा. 1931 मध्ये कलावंत मार्सेल द्युशाँने ‘मोबाइल’ हे नाव सुचवले, तेव्हा कॅल्डरच्या काही रचना मोटरवरच चालत होत्या. तीच ती हालचाल फिरून फिरून येते म्हणून त्याने पुढे वाऱ्याकडे मोर्चा वळवला. तो शिक्षणाने यंत्र-अभियंता होता आणि ते त्याच्या सांध्यांत दिसते. पत्रा कितीही सुबक कापा, तो किती कलेल आणि किती वेळाने परत येईल हे तारेची दांडी जिच्यावर टांगतात त्या कडीची उंची ठरवते. शिल्पकार तेथे आकार घडवत नाही, शक्य आकारांची मर्यादा घडवतो.

कागदपंखी: मी जाड कागदाचा मोबाइल केला आहे. हिशेब करून कडी बसवली, तरी दांडी एका बाजूला झुकतेच. कागद बदलू का?

तोलकाटा: प्रश्न वेगळा आहे, पण उपयोगाचा. कागद राहू द्या, बहुधा दांडीच्या तारेचे वजन हिशेबातून सुटले आहे. 40 सेंटिमीटरच्या दांडीला एका टोकाला 6 ग्रॅम आणि दुसऱ्या टोकाला 18 ग्रॅम असतील, तर कडी हलक्या टोकापासून 30 सेंटिमीटरवर येते. तार स्वतः 4 ग्रॅमची असेल, तर कडी साडेअठ्ठावीसच्या आसपास सरकते. म्हणून सर्वांत खालच्या दांडीपासून सुरुवात करून, बोटावर तोलून, मगच वरची दांडी जोडतात. कडी टोकांच्या रेषेतच असेल, तर दांडी जशी सोडाल तशी राहते. रेषेच्या खाली गेली तर कलंडते. कडी किंचित वर घ्या; फार वर घेतलीत, तर दांडी ताठरपणे लगेच सरळ होईल आणि झुळकीला दाद देणार नाही.

छिन्नी: हा तर तराजूचा नियम झाला. मग तराजूही शिल्पच म्हणायचे?

तोलकाटा: तराजू थांबण्यासाठी बनवलेला असतो, मोबाइल न थांबण्यासाठी.

उभी लाट: आणि बंद दालनात, जेथे वारा पोहोचत नाही, तेथे टांगलेल्याचे काय? वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतला कॅल्डरचा प्रचंड मोबाइलसुद्धा आधी मोटरवर फिरवायचे ठरले होते.

तोलकाटा: ठरले होते, पण पोलादाऐवजी हलक्या अ‍ॅल्युमिनियमने बांधल्यावर दालनातली हवाच त्याला पुरली. हवा अगदीच थिजली, तर तो त्या वेळी काय असतो, याचे उत्तर मलाही देता येत नाही.