प्रतिसाद: मेंटेनन्स कॅलरी

> वय ३८, उंची १७० सेंमी, वजन ७४. डोंबिवली-सीएसएमटी लोकल, आठवड्यातून तीनदा जिम. कॅल्क्युलेटर २५०० सांगतो, तेवढंच खातो, तरी वजन वाढतंय.

तुमच्या आकड्यांवर मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र लावलं (पुरुषांसाठी १०×वजन + ६.२५×उंची − ५×वय + ५), की आरामात पडून राहिलात तरी लागणाऱ्या साधारण १६१८ कॅलरी येतात. दिवसभराच्या हालचालीसाठी त्याला १.५५ ने गुणलं की तुमचे २५००. गोची या १.५५ मध्येच आहे. लोकलमध्ये तासभर उभं राहून जीव दमतो, पण कॅलरी फारशा जळत नाहीत. बाकी दिवस खुर्चीत. कमी हालचालीचे १.३७५ धरलेत तर २२२५ च होतात.

तरी तोही अंदाजच, त्यामुळे वजनालाच विचारा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा, कारण एखाद्या खारट जेवणानंतर पाण्यानेच किलोभर फरक पडतो. समजा पहिल्या आठवड्याची सरासरी ७४.० आणि चौथ्याची ७४.६ आली. किलोमागे ढोबळ ७७०० कॅलरी धरल्या तर २१ दिवसांत ४६२० जास्तीच्या, म्हणजे रोज २२०. २५०० मधून ते वजा केले, की वजन स्थिर ठेवणारा तुमचा खरा आकडा २२८० च्या आसपास.

फोडणीचं तेल मोजत नसाल तर आता मध्येच मोजायला लागू नका, नाहीतर हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.