एक्सेल : हजेरीपटातील नावे गुणतक्त्याशी जुळत नाहीत, मदत हवी आहे

गणितशिक्षिका
माझ्याकडे एका वर्गाचा हजेरीपट आहे आणि दुसऱ्या शीटवर चाचणीचे गुण आहेत. नावावरून गुण हजेरीपटात ओढून आणण्यासाठी मी VLOOKUP वापरला, परंतु काही नावांपुढे #N/A येते आणि काही विद्यार्थ्यांपुढे चक्क दुसऱ्याचेच गुण दिसतात. नावे दोन्हीकडे आहेत, हे मी डोळ्यांनी पाहून खात्री केली आहे. निकाल उद्या द्यायचा असल्यामुळे कृपया लवकर सांगावे.

कोष्टकप्रेमी
फॉर्म्युला जसाच्या तसा येथे द्या. नावे मराठीत आहेत की इंग्रजीत, आणि गुणतक्त्यातली नावे कोणी लिहिली, हेही कळले पाहिजे. त्याशिवाय केवळ अंदाजच बांधावे लागतील.

निळी_शाई
#N/A घालवणे अगदी सोपे आहे. फॉर्म्युला IFERROR मध्ये घाला आणि शेवटी 0 लिहा. तक्ता लगेच स्वच्छ दिसेल.

कोष्टकप्रेमी
निळी_शाई, असे केल्यास ज्याचे नाव जुळले नाही त्याला शून्य गुण पडतील, आणि खरोखर शून्य मिळालेला विद्यार्थी कोणता हे नंतर ओळखताही येणार नाही. नाव कुठे अडले आहे हे आत्ता फक्त #N/A मुळेच कळते आहे, तेव्हा जुळणी पूर्ण होईपर्यंत ते झाकू नये.

गणितशिक्षिका
नावे मराठीत आहेत. हजेरीपट मी तयार केला आहे. गुणतक्त्यातील नावे मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः ऑनलाइन चाचणीत लिहिली होती आणि तो तक्ता मी वेबपानावरून चिकटवला. एकूण ६४ विद्यार्थी आहेत. फॉर्म्युला असा आहे :

```
=VLOOKUP(B2,Sheet2!A:D,4)
```

कोष्टकप्रेमी
दुसऱ्याचे गुण येण्याचे कारण येथेच आहे. शेवटचा चौथा भाग तुम्ही लिहिलेला नाही आणि तो गाळला की एक्सेल TRUE धरते, म्हणजे यादी क्रमाने लावलेली आहे असे मानून सर्वांत जवळची नोंद उचलते. कंसात 4 नंतर ,FALSE लिहा. #N/A ची संख्या वाढेल, पण जे गुण दिसतील ते तरी त्याच नावाचे असतील.

दुपारची_पाळी
माझ्याकडे असेच झाले होते. एका तक्त्यात क्रमांक आकडे म्हणून होते आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून, सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत होता. रिकाम्या कॉलममध्ये क्रमांकाला 1 ने गुणले आणि सगळे जुळले. तुम्हीही तसे करून पाहावे.

कोष्टकप्रेमी
तो उपाय क्रमांकांसाठी योग्य आहे. येथे नावे जुळवायची आहेत आणि नावाला 1 ने गुणले तर #VALUE! मिळेल.

जुना_जाणता
मुळात नावावरून जुळणी करणेच चूक आहे. हजेरी क्रमांक वापरा, प्रश्नच मिटेल.

गणितशिक्षिका
चाचणीत क्रमांक विचारलाच नव्हता, त्यामुळे गुणतक्त्यात तो नाही. FALSE लिहिल्यावर ४१ नावे जुळली आणि २३ ठिकाणी #N/A राहिले. TRIM लावून पाहिले, फरक पडला नाही. एक उदाहरण देते. हजेरीपटात «स्वप्नील सूर्यवंशी» आहे आणि गुणतक्त्यात «स्वप्निल सुर्यवंशी». हा फरक मला आत्ताच दिसला, परंतु अशी प्रत्येक जोडी मी कुठवर शोधत बसू?

निळी_शाई
मग तारांकन वापरा. शोधायच्या नावाऐवजी "*"&B2&"*" लिहिले की नावाच्या मागेपुढे काहीही असले तरी ते सापडते.

अक्षरओळ
तारांकनाने मागेपुढे चिकटलेले जास्तीचे अक्षर चालून जाते, मधली वेलांटी बदललेली चालत नाही, त्यामुळे स्वप्नीलचा प्रश्न तसाच राहील. शिवाय पहिली सापडलेली नोंद तो घेतो. «राम पवार» शोधताना आधी «परशुराम पवार» आला तर त्याचेच गुण येतील आणि #N/A ही दिसणार नाही.

गणितशिक्षिका, या नावात बहुधा दोन वेगळे दोष एकत्र आहेत. दोन्हीकडे LEN लावून पाहा. हजेरीपटात १८ यायला हवेत. गुणतक्त्यात TRIM नंतरही १९ आले, तर पुढील फॉर्म्युल्याने शेवटचे अक्षर तपासा :

```
=UNICODE(RIGHT(TRIM(A2),1))
```

गणितशिक्षिका
१८ आणि १९ असेच आले. शेवटच्या अक्षरासाठी 160 आले. याचा अर्थ काय?

अक्षरओळ
ती वेबपानावरून आलेली न तुटणारी मोकळी जागा आहे. TRIM फक्त नेहमीची, म्हणजे 32 क्रमांकाची जागा काढतो, 160 ला हात लावत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा फरक मात्र LEN ला दिसत नाही, कारण वेलांटी पहिली असो वा दुसरी, अक्षर एकच मोजले जाते.

म्हणून मूळ नावांना न बदलता दोन्ही शीटवर जुळणीसाठी एक वेगळा कॉलम करा, ज्यात जागा नीट होतील, अदृश्य जोडचिन्ह जाईल आणि सगळे दीर्घ ऱ्हस्व होतील. Sheet2 च्या E2 मध्ये :

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "),UNICHAR(8205),""),UNICHAR(2368),UNICHAR(2367)),UNICHAR(2370),UNICHAR(2369)))
```

हजेरीपटाच्या C2 मध्ये हेच, फक्त A2 च्या जागी B2. दोन्हीकडे «स्वप्निल सुर्यवंशि» तयार होईल. दिसायला ते अशुद्ध आहे, पण तो कॉलम छापायचा नाही, नंतर लपवता येतो. आता गुण असे आणा :

```
=INDEX(Sheet2!$D$2:$D$70,MATCH(C2,Sheet2!$E$2:$E$70,0))
```

VLOOKUP येथे चालणार नाही, कारण जुळणीचा कॉलम गुणांच्या उजवीकडे आहे आणि VLOOKUP डावीकडे पाहत नाही.

चाळणी
एवढा खटाटोप कशासाठी? पॉवर क्वेरीत दोन तक्ते मर्ज करताना फझी मॅचिंगची खूण करा. साम्याची मर्यादा मुळात 0.80 असते, ती कमीजास्त करता येते. शुद्धलेखनाचे सगळे फरक एका फटक्यात जातील.

अक्षरओळ
«अनिता पवार» आणि «सुनिता पवार» यांच्यातही फरक थोडाच आहे. मर्यादा सैल ठेवली तर त्या एकमेकींना चिकटतील आणि कडक ठेवली तर आखूड नावे सुटतील. माझ्या फॉर्म्युल्यात काय बदलले जाते ते मला ठाऊक असते.

चाळणी
तुमच्या फॉर्म्युल्यात «अनन्त» आणि «अनंत» जुळत नाहीत, माझ्या पद्धतीत जुळण्याची शक्यता तरी आहे. फझीचा निकाल डोळ्यांखालून घालावा लागतो, हे मान्य आहे.

गणितशिक्षिका
२३ पैकी १७ जुळली. उरलेल्या सहांपैकी काहींनी आडनाव आधी लिहिले आहे आणि एकाने नुसते आद्याक्षर.

कोष्टकप्रेमी
सहा नावांसाठी आता नवा फॉर्म्युला लिहू नका. तिसऱ्या शीटवर दोन कॉलमांचा जोडतक्ता करा. डावीकडे गुणतक्त्यातले नाव, उजवीकडे हजेरीपटातले. तीच मुले पुढच्या चाचणीत पुन्हा तसेच लिहितील, तेव्हा तो उपयोगी पडेल. त्याआधी दोन्ही शीटवर जुळणीच्या कॉलमला COUNTIF लावा आणि 1 पेक्षा मोठा आकडा कुठे येतो ते पाहा. दीर्घ ऱ्हस्व केल्याने दोन वेगळी नावे एक झाली असतील तर ती तेथे सापडतील. MATCH नेहमी पहिलीच नोंद देतो.

गणितशिक्षिका
COUNTIF ने «पूजा पाटील» दोनदा दाखवले. वर्गात खरोखरच दोन पूजा पाटील आहेत, आणि आत्ता दोघींपुढे ३४ गुण आहेत. गुणतक्त्यात एकीला ३४ आणि दुसरीला २१ आहेत.

जुना_जाणता
म्हणूनच क्रमांक म्हणत होतो.

कोष्टकप्रेमी
हे कोणत्याही फॉर्म्युल्याने सुटणार नाही, कारण लागणारी माहितीच तक्त्यात नाही. गुणतक्त्यात नोंदीची वेळ किंवा ईमेल असा एखादा कॉलम तुम्ही चिकटवताना गाळला आहे का?

गणितशिक्षिका
वेळेचा कॉलम होता, तो मी अनावश्यक म्हणून घेतला नव्हता. मूळ पान उघडून पाहते. तोवर दोघींचे गुण रिकामे ठेवले आहेत.